डॉलरचं 'फॉरवर्ड' म्हणजे वायदा का?

"वाळूजला आमचं सुट्या भागांचं युनिट आहे, पहिल्यांदाच अमेरिकेला माल चाललाय. बँकेतले म्हणतात, फॉरवर्ड बुक करा. म्हणजे वायदाच ना? आणि आजच्यापेक्षा जास्त दर ते कसा काय देतात?"

वायदा म्हटलं तर चूक नाही, पण घोटाळा होईल. लातूरच्या अडतीवर 'वायदा' काढला की लोकांना एक्स्चेंजवरचा सोयाबीनचा वायदा आठवतो, सेबीनं डिसेंबर २०२१ मध्ये थांबवला तो. तिथं सौद्याचा आकार ठरलेला आणि मार्जिनचा हिशेब रोजचा. तुमचा करार तुम्ही आणि बँक एवढ्या दोघांतला, रक्कम नि तारीख तुमच्या बिलाप्रमाणे. पुढं येणारे डॉलर बँकेला कोणत्या दरानं विकायचे ते त्यात आजच पक्कं होतं, म्हणून मी त्याला 'आगाऊ दरकरार' म्हणेन. धंद्यातले लोक नुसतं 'डॉलर बुक केला' म्हणतात, तेही चालतंय.

आता दराचं. समजा बिल ५०,००० डॉलरचं, पैसे तीन महिन्यांनी, आजचा दर ८५ रुपये, आणि बँकेनं ८५.४० लिहून दिले. डॉलर वाढणार असं तिला वाटतंय म्हणून नव्हे. हिशेब व्याजाचा आहे. बँकेनं आजच डॉलर उसने घेऊन ८५ ला विकले आणि आलेले रुपये व्याजावर लावले, असं धरा. रुपयावर वर्षाला ६ टक्के मिळतात, डॉलरवर ४ द्यावे लागतात. उरलेल्या २ टक्क्यांचे तीन महिन्यांचे होतात डॉलरमागे सुमारे ४२ पैसे. त्यातलं थोडं स्वतःला ठेवून बाकीचे बँक तुम्हाला देते. यालाच 'प्रीमियम' म्हणतात. विम्याच्या हप्त्याशी त्याचा काही संबंध नाही. इथं तो तुम्हालाच मिळतो.

म्हणजे हातात ४२,७०,००० रुपये पक्के. डॉलर ८३ वर आला तरी तेवढेच, ८७ वर गेला तरी तेवढेच. कच्चा माल आणि मजुरी रुपयांत देणाऱ्याला एवढं कळलं की भाव काढता येतो.

खरी गोची गिऱ्हाइकानं पैसे लांबवले की होते. करार तुमच्यावरही बंधनकारक आहे. ठरल्या दिवशी डॉलर आले नाहीत आणि दर ८७ असला, तर करार मोडताना डॉलरमागे १.६० प्रमाणे ८०,००० रुपये बँकेला भरावे लागतील, वर तिचे शुल्क. पुढं डॉलर आल्यावर ते त्या दिवशीच्या दरानं विकून भरपाई होईलही, पण गिऱ्हाईकच बुडालं तर ते ८०,००० गेले. दराची जोखीम जाते, उधारीची जात नाही.

म्हणून एकच तारीख बांधून घेऊ नका. 'ऑप्शन पिरियड' मागा. नाव फसवं आहे: डॉलर द्यायचे की नाही याची मुभा त्यात नसते, फक्त ठरलेल्या मुदतीत, साधारण महिन्याभरात, कोणत्याही दिवशी द्यायची असते. मुदत लवकर सुरू होते म्हणून प्रीमियम थोडा कमी पडेल.