शेंगाचटणी सोडायची नाही, मोजायची

प्रश्न : मी सोलापुरात नोकरी करते. डब्यात तीन चपात्या, भरली वांगी, कोशिंबीर आणि शेंगाचटणी असते. वजन वाढतच आहे. नुसती काकडी-गाजरे नेली, तर चार वाजता भूक लागते आणि भजी खाल्ली जातात. डबा कसा भरावा?

उत्तर : मी घरगुती डबे पुरवते आणि माझ्याकडे वजन कमी करू इच्छिणाऱ्यांचेही डबे असतात, त्यामुळे जिन्नस तराजूवर घेण्याची सवय लागली आहे. तुमच्या डब्यात चपात्यांच्या आधी शेंगदाण्यांकडे पाहावे, असे मी सुचवेन, कारण त्या एका डब्यात ते तीन ठिकाणी आले आहेत. भरल्या वांग्यांच्या मसाल्यात एका माणसाच्या वाट्याला साधारण 20 ग्रॅम कूट येते, कोशिंबिरीवर आणखी 10 ग्रॅम पडते आणि जेवणाच्या चमच्याने शीग लावून दोनदा चटणी घेतली, की त्यात 30 ग्रॅमच्या आसपास दाणे असतात. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे 570 कॅलरी असल्यामुळे या 60 ग्रॅमच्या जवळपास 340 कॅलरी होतात. तीस ग्रॅम कणकेच्या, तेल न लावलेल्या तीन चपात्यांएवढा हा ऐवज आहे, आणि तो पानात वेगळा दिसत नसल्यामुळे हिशेबात येत नाही. चटणीवर कच्चे तेल ओतण्याची आपल्याकडची पद्धत त्यात धरलेलीच नाही. एका लहान चमचाभर तेलाच्या 40 कॅलरी होतात.

म्हणून दाणे डब्यात एकाच ठिकाणी येऊ द्यावेत, आणि ते ठिकाण चटणीचे असावे, कारण दाण्यांची खरी चव तिथेच लागते. चहाच्या चमच्याने सपाट दोन चमचे, म्हणजे साधारण 10 ग्रॅम चटणी एका छोट्या डबीत घालावी आणि तेलाऐवजी ती दह्यात कालवून खावी. उखळात कुटलेल्या चटणीला दाण्यांचे स्वतःचे तेल सुटलेले असतेच, त्यामुळे दह्यातही ती कोरडी लागत नाही. वांगी त्या दिवशी भरण्याऐवजी फोडी करून तुरीच्या डाळीत शिजवावीत, आणि कोशिंबिरीवरचे कूट काढून टाकावे. कोशिंबिरीत मीठ घरी घालू नये, नाहीतर दुपारपर्यंत काकडीला पाणी सुटते आणि ती टाकून द्यावीशी वाटते.

नुसत्या काकडी-गाजरांवर चार वाजता भूक लागणारच, कारण त्यांत प्रथिने नाममात्र असतात. वाचलेल्या जागेत मटकीची किंवा मुगाची उसळ भरावी. कोरडी मटकी 40 ग्रॅम घेऊन भिजवली, मोड आणून शिजवली, की मोठी वाटी भरते. तिच्यातून सुमारे 130 कॅलरी आणि 9 ग्रॅम प्रथिने मिळतात. फोडणीला माणशी एक लहान चमचा तेल पुरते. डाळीतली वांगी असतील त्या दिवशी उसळ अर्धी केली तरी चालते.

तीन चपात्यांच्या जागी दोन चपात्या किंवा एक कडक भाकरी घ्यावी. कडक भाकरी डब्यासाठी उत्तम, कारण ती तेलाशिवाय होते, टिकते आणि चावायला वेळ लागत असल्यामुळे जेवण घाईने उरकत नाही. मात्र ती हाताला हलकी लागते, त्यामुळे दोन-तीन सहज मोडल्या जातात. वाळताना तिच्यातले पाणी गेलेले असते, पीठ तेवढेच राहते. 50 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीच्या सुमारे 170 कॅलरी, ती मऊ असो वा कडक. विकतची असेल, तर पाकिटावरच्या वजनाला आतल्या भाकऱ्यांच्या संख्येने भागून पाहावे.

असा डबा दोन आठवडे नेऊन चार वाजता काय होते ते पाहावे. खरी भूक लागत असेल, तर उसळ वाढवावी. भाकरीला हात नंतर लावावा. तरीही काही खावेसे वाटले, तर मूठभर फुटाणे ठेवावेत. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भाकरी-चपाती कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे, कारण साखर एकदम उतरू शकते. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या डब्याला मात्र ही कात्री लावू नये; वाढत्या वयाला दाणे हवेतच, तिथे बिस्किटे आणि तळण तेवढे काढावे.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उसळीत ओले खोबरे घालू नये आणि ती पूर्ण निवल्यावरच झाकण लावावे, कारण कोंडलेल्या वाफेने ती लवकर उतरते. झाकण उघडताच आंबूस वास आला किंवा फेस दिसला, तर ती खाऊ नये. त्या दिवशी भाकरी आणि दह्यातली चटणी यांवर भागवावे.