गच्चीवरून गुरूचे चंद्र

कोल्हापुरात घराच्या गच्चीवरून १०×५० दुर्बिणीने गुरूचे चंद्र दिसतात का? मला नुसता हलणारा ठिपका दिसतो.

दिसतात, पण दुर्बीण नुसती हातात धरून नाही. दृश्य दहापट मोठं होतं तसा हाताचा कंपही दहापट होतो आणि गुरूशेजारचे बारीक ठिपके त्यात पुसले जातात. कठड्यावर उशी ठेवून दुर्बीण त्यावर टेकवा. आधी एखाद्या ताऱ्यावर फोकस करा, तो टाचणीच्या टोकाएवढा झाला की गुरूकडे वळा. दोन्ही बाजूंना मिळून एका रेषेत दोन-तीन ठिपके दिसतील. रेषेबाहेरचा ठिपका बहुधा मागचा तारा असतो. चार मोठ्या चंद्रांपैकी सर्वांत आतला आयो अनेकदा गुरूच्या झगमगाटात हरवतो. दुसऱ्या रात्री पुन्हा बघा, ठिपक्यांच्या जागा बदललेल्या असतील.

त्याच उशीवरून कृत्तिकाही सुरेख दिसतात. चंद्राची विवरं मात्र पौर्णिमेला नको, अष्टमीच्या सुमारास उजेड-अंधाराच्या सीमेवर शोधा.