फोटो फिरवताना कोपऱ्यात का पळतो

अरे, तुझी रोटेशनची मॅट्रिक्स बरोबरच आहे, पण ती नेहमी (0,0) भोवती फिरवते आणि इमेजमध्ये (0,0) म्हणजे डावा वरचा कोपरा, म्हणून फोटो फ्रेमबाहेर जातो. तुझा फोटो 400×300 चा आहे ना, मग सेंटर (200,150), तो आधी ओरिजिनवर आण, फिरव, परत जागेवर ठेव, इथे T म्हणजे हलवणारी मॅट्रिक्स आणि R म्हणजे फिरवणारी:

```python
M = T(200, 150) @ R(90) @ T(-200, -150)
```

हे उजवीकडून वाचायचं, पॉइंटला सगळ्यात आधी उजवीकडची मॅट्रिक्स लागते, इथेच सगळे गंडतात (मी पण दोन दिवस घालवलेत). चेक करायला सेंटरच टाकून बघ, (200,150) जिथल्या तिथे यायला पाहिजे. दोन्ही T ची अदलाबदल झाली असेल तर तो (-500,250) ला जाईल, म्हणजे चूक लगेच कळते.

आता (0,0) टाक, (350,-50) येतं, म्हणजे वरचा भाग कापला जाणार, कारण फिरवलेला फोटो 300×400 होतो. त्यासाठी शेवटची हलवाहलव नव्या सेंटरवर कर, `T(150, 200)`, आणि आउटपुट साइज पण 300×400 दे.

आणि y खाली वाढतो, त्यामुळे +90 स्क्रीनवर घड्याळाच्या दिशेने दिसेल, तिथे उगाच साइन बदलत बसू नको.