काळी सावली खड्याची, पण दुखणं खड्याचंच आहे का?

प्रश्न: आईच्या (वय ५१) सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये पित्ताशयात ‘मल्टिपल इकोजेनिक फोसाय विथ पोस्टेरिअर अकूस्टिक शॅडोइंग’ असं लिहिलंय. ही मागची काळी सावली म्हणजे काय, गाठ तर नाही ना? तेलकट-तुपकट खाल्लं की तिचं पोट दुखतं, ते यामुळेच का? आम्ही खेड्यावर राहतो, लगेच ऑपरेशन करायलाच हवं का?

उत्तर:

सावली म्हणजे गाठ नाही, ही भीती आधी मनातून काढा. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी १७ वर्षांपासून सोनोग्राफी करतो आणि ‘शॅडो’ हा शब्द वाचून रडवेली झालेली माणसं दर आठवड्याला बघतो.

प्रोब पोटात आवाजाच्या लहरी सोडतो. आत कशावर तरी आदळून जो आवाज परत येतो तो पडद्यावर पांढरा दिसतो, आणि जिथून काहीच परत येत नाही ती जागा काळी राहते. रात्री जागलीला शेतात गेलात आणि बाभळीच्या खोडावर टॉर्च मारला, की खोडाची तुमच्याकडची बाजू लख्ख उजळते आणि खोडामागचा पट्टा अंधारात राहतो. त्या पट्ट्यात काही वाढलेलं नसतं, तिथवर उजेड पोचलेला नसतो एवढंच. खड्याचंही तसंच. पित्त पातळ असतं, लहरी त्यातून सरळ निघून जातात, म्हणून भरलेलं पित्ताशय लांबट काळ्या वांग्यासारखं दिसतं. त्यात खडा असला की त्याच्या पुढच्या बाजूवरून आवाज जोरात परततो आणि पांढरी कमान उमटते. उरलेला आवाज खडा स्वतःत जिरवतो, त्यामुळे मागे काळा पट्टा पडतो. पांढरी कमान आणि तिच्यामागे काळा पट्टा, ही जोडी दिसली की खडा ओळखण्यात सहसा चूक होत नाही.

तरी आम्ही एक गोष्ट आणखी करतो, पेशंटला डाव्या कुशीवर वळवतो. मोकळा खडा असेल तर तो पित्तातून गडगडत खाली जातो आणि त्याची सावलीही त्याच्यासोबत सरकते. भिंतीला चिकटलेला मस, म्हणजे पॉलिप, जागचा हलत नाही आणि त्याच्यामागे सावलीही पडत नाही. साकळलेलं घट्ट पित्त सरकतं, पण फार हळू, आणि सावली देत नाही. कॅन्सरची शंका असली तर भिंत एका जागी वेडीवाकडी जाड झालीय किंवा आत मांसल गाठ आहे, असं रिपोर्टमध्ये वेगळं लिहिलेलं असतं. तुम्ही दिलेल्या ओळीत तसं काही नाही. तरी पूर्ण रिपोर्टमध्ये भिंतीबद्दल काय लिहिलंय ते नजरेखालून घाला.

सावली नेहमीच पडते असंही नाही. दोन-तीन मिलिमीटरचा बारका खडा लहरींच्या झोतापेक्षा लहान असतो, झोत त्याच्या दोन्ही बाजूंनी निसटून जातो आणि सावली उमटतच नाही. दुसरीकडे, पित्ताशयाला लागून असलेल्या आतड्यातला गॅसही चमकतो आणि मागे सावली टाकतो. पण ती धुरकट असते, खड्याची कापल्यासारखी स्वच्छ. तपासणीला ६ ते ८ तास उपाशी बोलावतात ते याचसाठी. दुधाचा चहा घेऊन आलेल्या माणसाचं पित्ताशय आकसलेलं असतं, मग आकसलेल्या पिशवीतला खडा आणि शेजारचा गॅस वेगळा काढणं अवघड होतं. आईची सोनोग्राफी उपाशीपोटी झाली होती का, हे मला जरूर कळवा.

आता दुखण्याचं सांगतो. इथे रिपोर्ट एकटा पुरत नाही.

मागच्या हिवाळ्यात एकाच घरातल्या सासू-सुना माझ्याकडे आल्या. सून ४२ वर्षांची, कापूस वेचायला जाणारी. शेतात रोडग्यांची पंगत होती. तुपात बुडवलेले रोडगे, वांग्याची तर्रीदार भाजी. संध्याकाळी जेवण झालं आणि तासाभराने वरच्या पोटात मधोमध दुखायला लागलं. पंधरा-वीस मिनिटांत ते इतकं वाढलं की तिला ना बसवेना, ना झोपवेना. कळ उजव्या बरगडीखालून पाठीत, उजव्या खवाट्यापर्यंत गेली, दोनदा उलटी झाली. मधे जराही कमी झालं नाही, एकसारखं दुखत राहिलं, आणि रात्री अकराच्या सुमारास जसं आलं तसं गेलं. सकाळी ती परत कामावर. दोन महिन्यांतली ही तिसरी वेळ होती. आधीच्या दोन्ही वेळी गॅसची गोळी आणि एक इंजेक्शन घेतलं होतं. ‘मले वाटे का गॅसच हाय,’ ती म्हणाली.

पहिल्या दिवशी ती चहा घेऊन आली होती, म्हणून दुसऱ्या सकाळी उपाशी बोलावलं. पित्ताशयात तीन खडे, मोठा १४ मिलिमीटरचा, प्रत्येकामागे स्वच्छ सावली. डाव्या कुशीवर वळवलं तर दोन खडे खाली घरंगळले, तिसरा पिशवीच्या मानेत होता तिथेच राहिला. भिंत अडीच मिलिमीटर, म्हणजे सुजलेली नाही. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक धरतात. यकृताकडून येणारी मुख्य पित्तनळी ४ मिलिमीटर, तीही फुगलेली नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी घाईत पेशंटला कुशीवर न वळवता असाच एक मानेतला खडा सोडला होता. त्या बाई तीन आठवड्यांनी ताप आणि सुजलेली पिशवी घेऊन परत आल्या. तेव्हापासून वळवल्याशिवाय मी कुणालाही टेबलावरून उतरू देत नाही.

या सुनेचं दुखणं खड्याचंच होतं. कारण असं, की तूप-तेल पोटातून लहान आतड्यात उतरलं की आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन नावाचा रस रक्तात सुटतो. तो पित्ताशयाला आवळायला सांगतो, म्हणजे पित्त खाली येऊन तेल पचवेल. पिशवी आवळते आणि तेवढ्यात खडा मानेत बुचासारखा बसतो. पिशवी बंद बुचावर जोर लावत राहते आणि आतला ताण वाढतो, तीच ही कळ. पिशवी सैल पडली, खडा मागे घरंगळला, की दुखणं थांबतं. म्हणून ते जेवणानंतर अर्ध्या-एक तासाने किंवा रात्री उशिरा सुरू होतं, अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकतं आणि साधारण पाच-सहा तासांच्या आत ओसरतं. दोन झटक्यांच्या मधे माणूस अगदी बरा असतो. दर तेलकट जेवणाला दुखेलच असं नाही, आणि कधी साध्या वरण-भातानंतरही दुखतं, कारण खडा त्या वेळी नेमका कुठे आहे यावर सगळं ठरतं.

सासूबाई ६६ वर्षांच्या. सुनेचं बघून त्यांनीही सोनोग्राफी करून घेतली. त्यांच्या पित्ताशयात एकच खडा, पण १८ मिलिमीटरचा, सुनेच्या मोठ्या खड्यापेक्षाही मोठा. पडद्यावर तो सगळ्यात ठसठशीत दिसत होता. पण त्यांची तक्रार निराळी. रोज सकाळी चहानंतर छातीत जळजळ, आंबट ढेकर, दिवसभर पोट फुगलेलं. मिरचीचा ठेचा खाल्ला की जास्त. रात्री कळ येऊन उठून बसलेत असं आयुष्यात एकदाही झालं नव्हतं. ‘माह्या पोटातबी दगड हाय, मंग माहं ऑपरेशन काहून नाही?’ असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘आजी, हा खडा तुम्हाला दुखवत नाहीये. पिशवी काढली तरी ढेकर आणि जळजळ तशीच राहील.’ न दुखणारे खडे असलेल्यांपैकी वर्षाला शंभरात एक-दोघांनाच पुढे त्रास सुरू होतो, बाकीच्यांच्या पोटात ते मुकाट पडून असतात. ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा वगैरे मोजके अपवाद सोडले, तर अशांना हात लावत नाहीत. सुनेला सर्जनकडे पाठवलं, सासूबाईंचं आम्लपित्तावरचं औषध सुरू केलं. दोघींचा त्रास गेला.

म्हणून आईजवळ बसून विचारा. दुखतं नेमकं कुठे, खाल्ल्यावर किती वेळाने, किती वेळ टिकतं, मधे बरं असतं का. सुनेसारखं वर्णन असेल तर खडेच कारण आहेत, आणि दुर्बिणीतून पित्ताशय काढणं हाच पक्का उपाय. नुसते खडे काढून पिशवी ठेवली तर त्यात पुन्हा खडे होतात. त्याला आज रात्रीच धावायची गरज नाही, पण महिनोन्‌महिने टाळूही नये. तोवर तळलेलं, सावजी रस्सा, गोळाभातावरचं कडकडीत तेल बंद ठेवा. याने झटके कमी होतात, खडे विरघळत नाहीत. पानफुटीचा पाला लोक मुतखड्यावर देतात, पण मूत्रपिंडाची वाट वेगळी, पित्ताची वेगळी. तेल आणि लिंबूरस पिऊन सकाळी जे हिरवे मऊ गोळे पडतात, ते खडे नसून त्याच तेलाचा पोटात झालेला साबण असतो. ते प्यायल्यावर पिशवी जोरात आवळते, त्यामुळे हा प्रयोग आईवर अजिबात करू नका. वर्णन सासूबाईंसारखं असेल तर आधी पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. आईचं वय पाहता एकदा ईसीजीही काढा, कारण हृदयाचं दुखणंही कधी वरच्या पोटात येतं.

दुखणं सहा तासांवर गेलं, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, किंवा पाठीत आरपार जाणारी कळ आणि न थांबणाऱ्या उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची एसटी धरू नका, मिळेल त्या गाडीने किंवा १०८ ला फोन करून त्याच रात्री जिल्ह्याला न्या. तेव्हा पिशवी सुजलेली, नळी तुंबलेली किंवा स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते.

विदर्भातल्या माणसांसाठी आणखी एक. आईला किंवा घरात कुणाला सिकलसेल असेल तर सर्जनला आधीच सांगा. त्यात रक्तपेशी लवकर फुटतात, त्यातून निघालेल्या रंगाचे खडे बनतात, अगदी शाळकरी पोरांतही, आणि भूल देण्याची तयारी वेगळी करावी लागते.

खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला राशन कार्ड दाखवून विचारा. जाताना रिपोर्टसोबत फिल्मही न्या. ऑपरेशनआधी लिव्हर फंक्शनची रक्ततपासणी करून घ्या, कारण मुख्य नळीचा खालचा भाग आतड्यातल्या गॅसमागे लपतो आणि तिथला खडा सोनोग्राफीत बरेचदा सुटतो. बिलिरुबिन वाढलेलं किंवा नळी ६ मिलिमीटरहून बरीच रुंद निघाली तर सर्जन एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्यांचा एमआरआय, सांगतील. ती आधीच झालेली बरी, कारण पिशवी काढली म्हणून नळीतला खडा निघत नाही, त्यासाठी तोंडातून दुर्बीण घालून वेगळं काम करावं लागतं.