कळवायचं ‘राहून गेलं’

प्रिय,

मित्राच्या वाढदिवसाला गेला नाहीस, त्याच्या माफीचा तू पाठवलेला मजकूर मिळाला. ‘काका, जरा शुद्धलेखन बघा, संध्याकाळी मित्राला पाठवायचाय,’ एवढंच म्हणाला होतास. शुद्धलेखनाची एकच चूक आहे, ती शेवटी सांगतो. त्याआधी हा मजकूर आज संध्याकाळी पाठवू नकोस. उद्या पाठव, पण हा नको.

तुझा मजकूर इथे पुन्हा उतरवून काढतो. आपलंच लिखाण दुसऱ्याच्या हातचं वाचलं की कान वेगळे होतात.

‘हाय. तू चिडला असशील माहितीय, पण प्लीज आधी पूर्ण वाच. शनिवारी यायचं सगळं ठरलं होतं, पण ऑफिसात अचानक काम निघालं आणि आमचा मॅनेजर कसा आहे तुला माहितीच आहे. निघायला जमलंच नाही. फोनची बॅटरी संपली होती, त्यामुळे कळवायचं राहून गेलं. तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. मुद्दाम नव्हतं केलं. तसा तूही ताईच्या साखरपुड्याला आला नव्हतास, मि काही बोललो होतो का? आपल्यात असल्या गोष्टी मनाला लावून घ्यायच्या नसतात. चल, समजून घे आणि माफ कर. पार्टी पेंडिंग!’

सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत माझी बत्तीस वर्षं गेली. कर्मचाऱ्याला कारणे दाखवा नोटीस निघाली की त्याचा खुलासा येई आणि तो पहिल्यांदा माझ्या टेबलावर पडे. असे शेकडो खुलासे मी वाचलेत, आणि तुझा हा मजकूर खुलासाच आहे. वर ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ आणि खाली ‘आपला विश्वासू’ एवढंच घालायचं राहिलंय. खुलाशात माणूस कधीच काही करत नाही. ‘सदर नोंद नजरचुकीने राहून गेली’, ‘विलंब झाला आहे’, ‘पत्र पाठविण्यात आले नाही’. कोणी पाठवलं नाही? कोणाची नजर चुकली? मी समासात लाल पेनानं एकच शब्द लिहायचो: ‘कर्ता?’ साहेब हसायचे.

तुझ्याही समासात तेच लिहितो. काम ‘निघालं’. कर्ता? निघायला ‘जमलं नाही’. कर्ता? बॅटरी ‘संपली’. कळवायचं ‘राहून गेलं’. कर्ता, कर्ता? आपल्या भाषेत कर्त्याला लपायला जागा फार. उशीर झाला, विसरायला झालं, हातून सांडलं. पोर कप फोडतं आणि आईला सांगतं, ‘कप फुटला.’ जणू कपाच्याच मनात आलं. चार वर्षांच्या पोराला हे शोभतं. तू सव्वीस वर्षांचा आहेस.

तुझ्या अख्ख्या मजकुरात ‘मी’ एकदाच आलाय, आणि तोही कुठे, तर मित्राला सुनावताना. माझा मुद्दा एवढाच आहे, आणि कंटाळा येईपर्यंत मी तोच सांगणार: ज्या वाक्यात चूक आहे, त्या वाक्याचा कर्ता तू हो.

म्हणून काल फोनवर तुला खोदून विचारलं. काम साडेसातला संपलं होतं. साडेआठला हॉटेलात पोचता आलं असतं. तू दमला होतास, पाऊस होता, आणि ‘दहा जण आहेत, माझ्यावाचून काय अडतंय’ असं मनाशी म्हणून तू घरी गेलास. बॅटरी संपलेली नव्हतीच. हे सांगताना तुझा आवाज बारीक झाला, तेव्हा मला तुझ्याबद्दल माया वाटली. मजकूर वाचताना नव्हती वाटली.

तू म्हणालास, खरं लिहिलं तर तो जास्त दुखावेल. अरे, त्याला ठाऊक आहे! पावणेनऊला त्यानं ‘कुठे आहेस?’ विचारलं. फोन बंद असता तर त्या मेसेजपुढे एकच टिक दिसली असती. त्याला दोन दिसल्या. म्हणजे मेसेज तुझ्या फोनवर पोचला होता, आणि रात्री दीडला तू त्याला बॅटरीची गोष्ट सांगितलीस. मला म्हाताऱ्याला हे कळतं, मग दर दोन मिनिटांनी फोन बघत केक अडवून बसलेल्या तुझ्या मित्राला कळलं नसेल? त्याची आई तुझ्या आईला म्हणाली, केक साडेनऊपर्यंत थांबवला होता. तू न आल्याचं तो एखादे वेळी विसरेल, बॅटरीचं नाही विसरणार. म्हणून नव्या मजकुरात बॅटरी यायलाच हवी, तिच्या खऱ्या नावानं: खोटं बोललो.

आता ते ‘तर’. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी.’ रस्ता खणून ठेवतात आणि फळी लावतात, ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’. त्या फळीचा राग येतो ना? खणणारा कुणीच नसतो, गैरसोय मात्र आपली. तुझं ‘तर’ त्याच जातीचं. त्याला वाईट वाटलं की नाही यावर तुझी चूक टांगून ठेवलीस. समज, नाही वाटलं वाईट, मग तू आला होतास का?

साखरपुडा काढून टाक. तो आला नव्हता आणि तुला ते लागलं होतं, मान्य. पण ते आज बाहेर आलं ते तुला ढाल हवी होती म्हणून. खरंच सलत असेल तर महिनाभरानं समोरासमोर बोल. त्याचं खातं वेगळं आहे. एकाच वहीत जमाखर्च मांडलास की तो बेरजा करत बसेल, आणि बेरजेत तू हरशील.

‘समजून घे’, ‘माफ कर’ हे दोन्ही आज्ञार्थ आहेत. चूक तुझी आणि कामं त्याला! २०१६ साली अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या रॉय लेविकी यांनी सहकाऱ्यांबरोबर माफीच्या सहा घटकांचा अभ्यास केला होता. भाचीनं मला वाचायला दिला होता. लोकांच्या लेखी सर्वांत वजन चुकीची जबाबदारी घेण्याला, त्याखालोखाल भरपाईच्या तयारीला, आणि ‘मला माफ कर’ या विनंतीला सर्वांत कमी. मला यासाठी अभ्यास लागला नसता, पण तुम्हा लोकांना आकडेवाल्यांचं पटतं म्हणून सांगितलं.

मी स्वतः मात्र हे पन्नाशीत शिकलो, आणि तेही उशिरानंच. कॉलेजपासूनचा माझा एक मित्र, त्याचा पन्नासावा वाढदिवस होता. त्याच्या बायकोनं घरीच बेत केला होता, माणसं मोजून बारा, आणि माझ्यासाठी मुद्दाम अळूवड्या. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी बसून त्याला चार पानी पत्र लिहिलं. तारखा, वेळा, कोणत्या साहेबांनी कधी बोलावलं, शेवटची बस किती वाजता सुटली, सगळं मुद्देसूद. आठवड्यानं त्याचं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ होती: ‘खुलासा प्राप्त झाला. दप्तरी दाखल.’

मी हसलो होतो. वाटलं, चेष्टा करतोय. पुढे कितीदा भेटलो, बोललो, लग्नकार्यात शेजारी बसून जेवलो, पण त्यानंतर त्यानं मला स्वतःचं काही सांगितलं नाही. बायपासचंही नाही. मला ते तिसऱ्याकडून कळलं.

आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी खरोखरच लेखापरीक्षण होतं. पथक मुंबईहून आलेलं, सेवापुस्तकांच्या नोंदी अपुऱ्या, आणि साहेबांनी सहा वाजता सांगितलं की आज कोणी जायचं नाही. मी एकटा काय करणार होतो? फोन करायचा तर कार्यालयाच्या फोनला कुलूप असायचं… बघ, लागलो मी. वीस वर्षं झाली तरी ‘कुलूप असायचं’. कोपऱ्यावर एक रुपयाचा फोन होता. मी खाली उतरलो नाही. हा परिच्छेद खोडणार होतो, पण राहू दे. खुलासा किती आपोआप सुटतो ते तुला दिसेल.

आता नवा मजकूर. आधी फक्त काय केलं नाहीस ते लिही. कारण हवंच असेल तर एकच, खरं, आणि चुकीच्या नंतर. आधी कारण आलं की चूक त्याची शेपटी होते. कालच्या तुझ्याच बोलण्यातून मी असं जुळवलं:

‘शनिवारी तुझ्या वाढदिवसाला मी आलो नाही, आणि येत नाही हेही तुला कळवलं नाही. तू पावणेनऊला विचारलंस तो मेसेज मी पाहिला होता. काम साडेसातलाच संपलं होतं. मी दमलो होतो, आणि इतके जण आहेत तर माझ्यावाचून काय अडतंय असं म्हणून घरी गेलो. रात्री बॅटरीचं लिहिलं ते खोटं होतं. तू केक थांबवून माझी वाट बघितलीस आणि मी तुला साधं “येत नाही” म्हटलं नाही. मी चुकलो. रविवारी सकाळी दहाला तुझ्या घरी येतो. नको असेल तर तसं कळव, मी येणार नाही.’

‘पण’ एकदाही नाही, बघ. ‘मी किती नालायक’ असंही लिहू नकोस. ते लिहिलंस की त्यालाच तुझी समजूत काढावी लागेल. ‘पार्टी पेंडिंग’ गेली, त्याजागी वार आणि वेळ आली. महागडी भेटवस्तू नेऊ नकोस, ती दंड भरल्यासारखी दिसते. शब्द माझे आहेत ते बदल. तू ‘चुकलो’ म्हणत नसशील, ‘चूक झाली’ म्हणत असशील. म्हणजे नाही, ‘चूक झाली’ नको. कर्ता गेला बघ परत. ‘मी माती खाल्ली’ म्हण हवं तर. तुम्ही आपसात म्हणता ना तसं?

उत्तर लगेच येणार नाही. दोन टिका निळ्या होतील आणि तो गप्प बसेल. तेव्हा ‘वाचलंस का?’ विचारायचं नाही. जास्तीचा खुलासा जोडायचा नाही. हे तुला मजकुरापेक्षा अवघड जाईल, मी ओळखतो तुला. फोन स्वयंपाकघरात ठेव आणि बाहेर जा. रविवारी नको म्हणाला तर नको. तोही त्याचा हक्क आहे.

त्यानं काय लिहिलं ते मला पाठवू नकोस. ते तुमच्या दोघांचं आहे.

तुझा,
काका

ता. क. शुद्धलेखन: ‘मि’ नव्हे, ‘मी’. दीर्घ.