मेल येतो पण ड्रॉइंगची झिप गायब, वेन्डरला काय सांगू?

प्रश्न: बडोद्याला एका कंपनीत पर्चेसला आहे. मकरपुरा जीआयडीसीतला वेन्डर ड्रॉइंगची झिप मेल करतो, मेल येतो पण झिपच्या जागी एक छोटी टेक्स्ट फाइल असते. तो म्हणतो "मोकली दीधुं छे", आयटीवाले म्हणतात पॉलिसी आहे. दोनदा पाठवून झालं. त्याला नेमकं काय सांगू आणि ड्रॉइंग मागवू कशी?

उत्तर:

पहिली गोष्ट, त्याला तिसऱ्यांदा तीच झिप पाठवायला सांगू नका, तिसऱ्यांदाही तेच होणार. आणि तो खोटं बोलत नाहीये. त्याच्या सेंटमध्ये मेल उघडला तर झिप अगदी जागच्या जागी दिसते. होतं काय, की त्याच्या सर्व्हरने मेल तुमच्या कंपनीच्या सर्व्हरला दिला, तुमच्याने "मिळाला" म्हणून पोच दिली, आणि त्यानंतर आत आल्यावर फिल्टरने झिप काढून तिथे चिठ्ठी ठेवली. मेल नाकारला असता तर त्याला 5 पासून सुरू होणाऱ्या कोडचा बाउन्स मेल गेला असता. इथे नाकारलेला नाहीच, म्हणून त्याला काहीच कळत नाही. म्हणजे ही बातमी त्याच्यापर्यंत पोचवणारे फक्त तुम्हीच.

आता ती टेक्स्ट फाइल उघडून नीट वाचा. बहुतेक लोक ती न वाचताच डिलीट करतात आणि मग चार दिवस "अटॅचमेंट नाही" एवढंच लिहीत बसतात. त्यात साधारण काढलेल्या फाइलचं नाव आणि कारण असतं, कधी कधी आयटीला द्यायचा नंबरही असतो. कारण कोणतं आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. चिठ्ठीच्या जागी आउटलुकमध्ये मेलच्या वर `Outlook blocked access to the following potentially unsafe attachments` अशी पट्टी दिसत असेल तर गोष्ट वेगळी आहे, तिथे फाइल मेलमध्येच आहे, फक्त आउटलुक ती उघडू देत नाहीये. आणि `winmail.dat` नावाची फाइल आली असेल तर त्यात फिल्टरचा काही संबंधच नाही, पाठवणाऱ्याच्या आउटलुकने मेल रिच टेक्स्टमध्ये पाठवलाय, त्याला एचटीएमएल फॉरमॅटमध्ये पाठवायला सांगायचं, झालं.

खात्री करायची सोपी खूण म्हणजे मेलचा साइज. अटॅचमेंट मेलमधून जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे 6 एमबीची झिप असेल तर मेल 8 एमबीच्या आसपास दिसायला हवा. यादीत साइजचा कॉलम लावा, तिथे 20-30 केबी दिसत असेल तर फाइल सर्व्हरवरच काढली गेली आहे, तुमच्या कॉम्प्युटरवर कितीही शोधलं तरी मिळणार नाही.

मग प्रश्न असा की झिप का काढली. इथे खरी गंमत आहे. बऱ्याच कंपन्यांत झिपवर बंदी नसते, झिपच्या आतल्या एखाद्या फाइलवर असते, आणि फिल्टर एका फाइलसाठी अख्खी झिप उचलतो. आमच्याकडे एका स्किडच्या ड्रॉइंगच्या वेळी अगदी हेच झालं होतं. झिपमध्ये पाच `.dwg`, त्यांच्या पीडीएफ, मटेरियल लिस्टची एक `.xlsm`, आणि कोपऱ्यात `acaddoc.lsp` नावाची चिमुकली फाइल. ड्रॉइंग आणि पीडीएफला फिल्टरची काहीच हरकत नव्हती. `.xlsm` म्हणजे मॅक्रोवाली एक्सेल, ती अडली. आणि `.lsp` म्हणजे ऑटोकॅडचा प्रोग्राम, तीही अडली.

ही `acaddoc.lsp` भानगड समजून घ्या, फॅब्रिकेशनवाल्यांकडे ती वरचेवर सापडते. या नावाची फाइल समोर आली की ऑटोकॅड ड्रॉइंग उघडताना ती आपोआप चालवू शकतं, म्हणून ऑटोकॅडचे जुने व्हायरस हेच नाव घेऊन ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये बसायचे आणि फोल्डर झिप करून पाठवला की पुढच्या माणसाकडे पोचायचे. तेव्हा वेन्डरला विचारायचं, ही फाइल तुम्ही मुद्दाम ठेवलीय का? काही डिझाइनर स्वतःचे शॉर्टकट त्यात ठेवतात, ते ठीक. पण "अरे ही कुठून आली" असं उत्तर आलं तर फिल्टरने तुमच्यावर उपकार केलेत, आणि त्याने आधी त्याच्या सगळ्या मशीन अँटीव्हायरसने तपासाव्यात, मगच काही पाठवावं.

म्हणून झिप उघडून आतल्या फाइलींची नावं एक्स्टेन्शनसकट वाचून दाखवा, असं त्याला सांगा. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन लपलेली असतात, तर फाइल एक्सप्लोररच्या `View` मध्ये `File name extensions` चालू करायला लावा, नाहीतर `.xlsx` आणि `.xlsm` त्याला सारख्याच दिसतील आणि तो म्हणेल सगळी एक्सेलच आहे.

सांगायचं कसं, तर आधी फोन. मेल नंतर. कारण "तुमची अटॅचमेंट ब्लॉक झाली, खालच्या लिंकवर फाइल टाका" हा मेल म्हणजे फसवणाऱ्यांचा आवडता नमुना आहे, शहाणा वेन्डर असला तर तो क्लिक करणारच नाही आणि केलं नाही तर बरोबरच आहे. त्यामुळे पीओवर असलेल्या त्याच्या नेहमीच्या नंबरवर फोन करा, दोन मिनिटं बोला, आणि मग त्याच मेलला रिप्लाय करा म्हणजे जुना सब्जेक्ट राहतो. मजकूर साधारण असा, तुम्ही गुजराती किंवा इंग्रजी जे चालतं त्यात करा:

> नमस्ते भाई, आत्ता फोनवर बोललो त्याप्रमाणे. मंगळवारी सकाळी 11:40 चा तुमचा मेल मिळाला, पण SKID_R2.zip आमच्या सर्व्हरने काढून टाकली, आमच्याकडे ती नाही. तुमच्या बाजूने काही चूक नाही. झिप परत पाठवू नका. पीडीएफ आणि DWG सुट्या जोडा, मटेरियल लिस्ट .xlsx मध्ये सेव्ह करून जोडा, LSP फाइल पाठवू नका. एका मेलमध्ये 10 एमबीच्या वर नको, जास्त असेल तर दोन मेल करा आणि सब्जेक्टमध्ये 1/2, 2/2 लिहा. गुरुवार दुपारपर्यंत हवं आहे. मेल टाकला की एक फोन करा, मी लगेच बघून कळवतो.

यात तारीख, वेळ, फाइलचं पूर्ण नाव आणि "आमच्याकडे ती नाही" या चार गोष्टी महत्त्वाच्या. नुसतं "अटॅचमेंट ओपन नाही होत" असं लिहिलंत तर तो समजतो की तुमच्याकडे ऑटोकॅडचं जुनं व्हर्जन आहे, आणि जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून परत झिपच पाठवतो. 10 एमबी हा आकडा मी उदाहरणाला टाकलाय, तुमच्या कंपनीची लिमिट आयटीला विचारून तोच लिहा. आणि रिप्लायमध्ये मूळ अटॅचमेंट परत जात नाही, त्यामुळे ती चिठ्ठीवाली टेक्स्ट फाइल हवी तर मुद्दाम जोडा, वेन्डरच्या आयटीवाल्याला उपयोगी पडते.

बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं, दुसरा रस्ता शोधायची गरजच पडत नाही. `.xlsm` ची `.xlsx` केली की मॅक्रो निघून जातात पण आकडे आणि फॉर्म्युले राहतात, मटेरियल लिस्टला तेवढं पुरतं.

फाइली मोठ्याच असतील, थ्रीडी मॉडेल वगैरे, तर रस्ता तुमच्या कंपनीच्या बाजूने काढा, त्याच्या बाजूने नको. तुमच्याकडे ऑफिसचं वनड्राइव्ह असेल तर फोल्डरवर `Request files` असा पर्याय असतो, त्यातून जी लिंक बनते तिच्यावर वेन्डर फक्त फाइल टाकू शकतो, फोल्डरमध्ये दुसऱ्या कुणाचं काय पडलंय ते त्याला दिसत नाही. दोन वेन्डरांकडून कोटेशन मागवताना हे फार सोयीचं. पर्याय दिसत नसेल तर अॅडमिनने बंद ठेवलाय, त्याच्याकडून सुरू करून घ्या. वेन्डरच्या गूगल ड्राइव्हची लिंक हा त्यानंतरचा पर्याय, पण आधी बघून घ्या की तुमच्या ऑफिसात ड्राइव्ह उघडतं का, बऱ्याच ठिकाणी प्रॉक्सीवर बंद असतं. आणि त्याला सांगा की तुमच्या ऑफिसच्या मेल आयडीला शेअर कर, नाहीतर तुम्ही क्लिक करता, समोर परवानगी मागायचा बोर्ड येतो, आणि तो त्या वेळी शॉपफ्लोअरवर असतो.

आता लोक जे उपाय सांगतात त्याबद्दल. `.zip` चं नाव बदलून `.txt` करणं: अर्धे फिल्टर नाव बघतच नाहीत, फाइलची सुरुवात बघतात, झिप असली की पहिली दोन अक्षरं `PK` असतात मग नाव काहीही ठेवा. पासवर्ड लावणं: फिल्टरला आतलं तपासता येत नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी पासवर्डवाली झिप सरळ अडवतात. शिवाय साध्या झिपला पासवर्ड लावला तरी आतल्या फाइलींची नावं बाहेरून दिसतातच, म्हणजे `.lsp` तिथेही पकडली जाते. आणि समजा गेलीच, तर उद्या त्यातून काही निघालं की पॉलिसीला बगल दिली म्हणून तुमचं नाव येणार, वेन्डरचं नाही.

व्हॉट्सअॅपवर ड्रॉइंग मागवू नका. चालतं हो, मोठी फाइलसुद्धा येते, पण कस्टमरचं ड्रॉइंग तुमच्या खासगी फोनमध्ये येऊन पडतं, आणि सहा महिन्यांनी आर1 कुठलं आणि आर2 कुठलं हे शोधताना स्क्रोल करत बसावं लागतं. "मेल टाकलाय" हे सांगायला व्हॉट्सअॅप छान आहे, तेवढंच वापरा.

लिंकवरून फाइल आली असेल तर ती पूर्ण आणि तीच आहे का हे तपासायला दोघांनी आपापल्या मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवायचं:

```
certutil -hashfile SKID_R2.step SHA256
```

जो लांबलचक आकडा येतो त्याची पहिली आणि शेवटची सहा-सहा अक्षरं फोनवर जुळवली तरी अर्धवट डाउनलोड किंवा जुनी रिव्हिजन लगेच उघडी पडते.

आयटीकडे जाल तेव्हा "फिल्टर काढा" म्हणून जाऊ नका, ते होणार नाही. एकच विचारा: फाइल क्वारंटाइनमध्ये आहे का काढून टाकलीय? क्वारंटाइनमध्ये असेल तर ते तपासून सोडू शकतात, पण तिथे ठरावीक दिवसच राहते, मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये व्हायरस म्हणून पकडलेले मेल 30 दिवस, म्हणून उशीर करू नका. काढूनच टाकली असेल तर ती गेली, नव्यानेच मागवायची. दुसरं म्हणजे चालणाऱ्या फाइलींची यादी मागून घ्या, आणि ती पीओबरोबर वेन्डरला पाठवत जा. वेन्डरचा मेल आयडी कायमचा मोकळा करून घ्यायचा आग्रह मात्र धरू नका, छोट्या वर्कशॉपचा मेल हॅक झाला की पहिला नकली इन्व्हॉइस त्याच आयडीवरून येतो आणि तो तुमच्याकडे अकाउंट्समध्ये बिनदिक्कत पोचेल.