आधी आठवा, मग पान उघडा

प्रश्न: नोकरी सांभाळून एमबीए करतोय. सहा महिन्यांपूर्वी टीम लीड झालो. घेतलेले निर्णय वहीत लिहून ठेवतो, पण नंतर वाचताना वाटतं, ‘हे तर मला आधीच माहीत होतं.’ मग लिहिण्याचा उपयोग काय?

उत्तर: तुमच्या नोंदीत काय ठरवलं आणि का, एवढंच असेल. तिथे पुढे काय होईल याचा अंदाज, त्याचा आकडा आणि तारीखही हवी. ‘बहुधा जमेल’ या शब्दांत कुठलाही निकाल मावतो; ‘70 टक्के’ लिहिलं की पळवाट उरत नाही.

एक उदाहरण घेऊ. तुम्ही दोन उमेदवारांतून एकीची निवड केली. ऑफर जाण्याआधी, त्याच दिवशी लिहा: ‘तीन महिन्यांत ती क्लायंटचे कॉल एकटी सांभाळेल, 70 टक्के. दुसरा उमेदवार अनुभवी होता, पण लेखी काम कच्चं वाटलं. सर्वांत मोठी भीती: कामाचा वेग.’ खाली तपासणीची तारीख टाका आणि ती कॅलेंडरवरही लावा. दहा मिनिटांचं काम आहे.

समजा, कॉल तिने उत्तम सांभाळले, पण चौथ्या महिन्यात नोकरी सोडली. आता मन म्हणेल, ‘ती टिकणार नाही, हे मला तेव्हाच जाणवलं होतं.’ म्हणून पान उघडण्याआधी वेगळ्या कागदावर लिहा: तेव्हा मी किती टक्के दिले होते आणि कशाची भीती होती? मग दोन्ही शेजारी ठेवा. वहीत भीती वेगाची आहे, टिकण्याचा उल्लेखच नाही. आठवण आणि नोंद यांतली ही तफावत म्हणजेच तुमचा पश्चातदृष्टीचा दोष, म्हणजे निकाल कळल्यावर ‘हे आधीच माहीत होतं’ असं वाटणं, आणि तो असा समोर ठेवल्याशिवाय दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ बारुक फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांच्या 1972 च्या चीन आणि सोव्हिएत संघ दौऱ्यांआधी विद्यार्थ्यांकडून अंदाज घेतले होते. घडलेल्या गोष्टींना आपण आधीच जास्त टक्के दिले होते, असं पुढे त्यातल्या बहुतेकांना ‘आठवलं’.

यानंतरचा प्रश्न जास्त मोलाचा: टिकण्याची शंका मुलाखतीच्या वेळी काढता आली असती का? आधीच्या नोकऱ्या का सोडल्या, हे विचारलंच नसेल, तर चूक पद्धतीत आहे. पुढच्या मुलाखतीत तो प्रश्न घाला. विचारलं होतं आणि उत्तर पटण्यासारखं होतं, तर निर्णय बरोबर होता, निकाल वाईट लागला. हे ठरवताना स्वतःवर विसंबू नका. निकाल न सांगता मूळ पान एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि त्याचं मत घ्या.

जुनी नोंद कधीही सुधारू नका. भर घालायची तर तारीख टाकून खाली घाला. सगळेच निर्णय लिहायला गेलात तर महिन्याभरात वही बंद पडेल. सहज मागे घेता येत नाहीत, असेच दोन-तीन निर्णय महिन्याला पुरेत.

एका निकालावरून तुमचे 70 टक्के बरोबर की चूक, हे कळत नाही. त्याच आकड्याच्या वीसेक नोंदी साठल्या की मोजा. साधारण चौदा खऱ्या ठरायला हव्यात. दहाच ठरल्या, तर बहुधा तुम्ही ‘70’ लिहिता तेव्हा ते 50 च्या आसपास असतं.